‘आजच माहिती द्यावी’ आणि रात्रीचे पावणेनऊ

आमच्या खात्यात ‘तात्काळ’ हा शब्द आता कुणी वाचत नाही. म्हणून ‘अतितात्काळ’ आला. तोही बोथट झाला, तेव्हा त्याच्यापुढे लाल दिव्यांची तीन चित्रं यायला लागली. मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते, पहिली ते चौथी. मुख्याध्यापकाचा कार्यभार माझ्याकडेच आहे. त्यामुळे ही पोस्ट कुठल्या आयटी कंपनीतल्या ताणतणावाची नाही. लोक म्हणतात, ‘तुम्हाला काय, पाच वाजता सुटता!’ त्या पाचनंतर काय होतं, त्याबद्दल लिहितेय. थोडं लांबलंय.

आधी निरोप कसा फिरतो ते बघा. जिल्ह्याला माहिती हवी असते. शिक्षणाधिकारी कार्यालयातून पत्राची पीडीएफ निघते आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ग्रुपवर पडते. तिथून विस्तार अधिकारी, तिथून केंद्रप्रमुख, तिथून मुख्याध्यापक आणि मग शिक्षक. या पाच पायऱ्यांवर दर वेळी नुसतं फॉरवर्ड होत नाही, एक गोष्ट बदलत जाते. ती म्हणजे मुदत.

गेल्या पावसाळ्यातलं एक पत्र सांगते. विषय होता गळक्या वर्गखोल्यांची संख्या. जिल्ह्याने माहिती मागितली होती परवा दुपारी बारापर्यंत. तालुक्याला सगळ्या केंद्रांचा गोषवारा करायचा, म्हणून तालुक्याने केंद्राला सांगितलं, उद्या संध्याकाळी पाच. केंद्रप्रमुखांना सगळ्या शाळांची बेरीज करायची, त्यात दोन-तीन शाळा उशिरा देणार हे त्यांना अनुभवानं माहीत. म्हणून त्यांनी आम्हाला सांगितलं, उद्या सकाळी अकरा. पण मूळ पत्र निघालं होतं संध्याकाळी पाचच्या आसपास, आणि प्रत्येक पायरीवरच्या माणसाने ते आपापलं काम उरकून, गाडीवरून घरी पोचून, चहा घेऊन पुढे ढकललं. माझ्या फोनवर आलं तेव्हा पावणेनऊ वाजले होते. दहा मिनिटांनी पुढचा मेसेज: ‘शक्यतो आजच द्यावी, सकाळी धावपळ नको.’

म्हणजे चाळीस तासांचं काम माझ्यापर्यंत पोचेपर्यंत रात्रीचं काम झालं. यात वाईट माणूस कोण? कुणीच नाही. प्रत्येकाने आपल्या डोक्यावरचं ओझं झोपण्यापूर्वी खाली उतरवलं, आणि खाली म्हणजे माझ्याकडे. आमचे केंद्रप्रमुख सज्जन गृहस्थ आहेत. स्वतः त्यांच्यावर वरून काय येतं ते मी बघते.

आणि माहिती तरी काय हवी होती? माझ्या शाळेला खोल्या दोन. त्यातली एक गळते. ती गळते हे मी यू-डायसच्या अर्जात भरलंय, दुरुस्तीच्या प्रस्तावात लिहिलंय, फोटोही दिलाय. रात्री पावणेनऊला तोच आकडा पुन्हा, वेगळ्या तक्त्यात. एक.

तो ‘एक’ लिहायला तीस सेकंद लागतात, मग एवढा त्रागा कशाला, असं कुणी म्हणेल. खरं आहे, लिहायला तीस सेकंदच लागतात. पण त्यासाठी फोन उघडावा लागतो. उघडला की त्याच ग्रुपवरचे आणखी अकरा मेसेज दिसतात, त्यातले सात ‘माहिती दिली सर’, दोन हात जोडलेले, आणि दोन ज्यात माझंच काही राहिलंय का अशी शंका येते. मग सकाळचं आठवतं, पोषण आहाराची नोंद गेली का, तांदूळ किती उरलाय. पोरीचा गृहपाठ बघायला बसलेली मी, माझं डोकं शाळेच्या कपाटात जाऊन पोचलेलं असतं. तीस सेकंदांचं उत्तर देऊन परत यायला अर्धा तास जातो.

मी एक आठवडा वहीत टिपून ठेवलं. सोमवार ते रविवार, संध्याकाळी सहा ते सकाळी सात, शाळेशी संबंधित ग्रुप पाच. मेसेज एकूण 164. यातले ‘ओके’, अंगठे आणि अभिनंदन काढून टाकले तर उरले 38. त्या 38 पैकी रात्रीच वाचले नसते तर दुसऱ्या दिवशी माझ्या पोरांचं काही बिघडलं असतं, असे किती? एक. मुसळधार पावसामुळे उद्या शाळांना सुट्टी, हा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. तो रात्री साडेनऊला आला, आणि तो रात्रीच कळायला हवा. माझी चार पोरं ओढा ओलांडून येतात.

आणि गंमत म्हणजे तोच मेसेज मला सापडत नव्हता. त्याच्यावर एका सरांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा चढत होत्या. शेवटी शेजारच्या शाळेतल्या बाईंनी फोन केला, तेव्हा कळलं.

माझं म्हणणं एवढ्यावर उभं आहे. रात्रीचे मेसेज फक्त विश्रांती खातात असं नाही. ज्या एका निरोपासाठी रात्री जागं राहायला हवं, तोही ते खातात. त्यामुळे मर्यादा घालणं म्हणजे कामचुकारपणा, हा आरोप मला उलटा वाटतो.

कायद्याचं काय, ते थोडक्यात. ‘तुम्ही चोवीस तासांचे नोकर’ हे वाक्य आमच्याकडे सर्रास ऐकवलं जातं. पण शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे किमान तास लिहिलेत: 45, आणि त्यात शिकवण्याच्या तयारीचे तास धरलेले आहेत. म्हणजे घरी बसून मी उद्याच्या वजाबाकीसाठी काड्यांचे गठ्ठे बांधते, ते कायद्याच्या हिशेबात काम आहे. रात्रीच्या तक्त्यांनी जातो तो नेमका हाच वेळ. त्याच कायद्याच्या कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. गळक्या खोल्यांचा तक्ता यातल्या कशात बसतो, ते मी विचारलं नाही. विचारून फक्त वातावरण तापतं.

‘राइट टू डिस्कनेक्ट’, म्हणजे कामाच्या वेळेनंतर संपर्क तोडण्याचा हक्क, यावर सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक 2018 मध्ये मांडलं आणि डिसेंबर 2025 मध्ये पुन्हा मांडलं. चांगलंच केलं. पण खासगी विधेयक मंजूर होऊन कायदा झाल्याचं शेवटचं उदाहरण 1970 सालचं आहे, तेव्हा त्याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. फ्रान्समध्ये 2017 पासून, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट 2024 पासून असा हक्क आहे. माझा मावसभाऊ मेलबर्नला असतो. त्याला विचारलं, तर म्हणाला, ‘ताई, साहेबाला मेसेज पाठवायला बंदी नाहीये. मी तो बघितला नाही, उत्तर दिलं नाही, तर त्यावरून मला त्रास द्यायचा नाही, एवढंच.’ शिवाय नकार अवाजवी असेल तर चालत नाही. संपर्क कशासाठी केला, कसा केला, त्या जादा वेळेचे पैसे मिळतात का, हुद्दा काय, घरची परिस्थिती काय, हे सगळं बघितलं जातं.

मला हा भाग पटला. पाठवायला बंदी घालून उपयोग नाही. केंद्रप्रमुखांना रात्री नऊलाच वेळ मिळत असेल तर त्यांनी बापडे नऊला पाठवावं. उत्तर रात्रीच मागू नये, एवढंच.

आमच्याकडे एक अडचण मात्र वेगळी आहे. व्हॉट्सअॅपवर निळ्या खुणा बंद करता येतात, हे सगळ्यांना माहीत असतं. ती सोय ग्रुपला लागू नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. ग्रुपवर पाठवणाऱ्याने आपला मेसेज दाबून धरला आणि माहिती बघितली, की कुणी वाचला आणि कुणाला नुसता पोचला, अशा दोन याद्या दिसतात. आमच्या ग्रुपवर त्या यादीचा स्क्रीनशॉट टाकला जायचा. खाली वाक्य: ‘खालील शाळांनी अद्याप मेसेज वाचलेला नाही.’ रात्री दहाला! हजेरीपत्रकच की ते. गिरणीचा भोंगा कामाला बोलवायचा, तसा सोडायचाही. आठवड्याची रविवारची सुट्टी 1890 मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून मिळवली. आमच्या या भोंग्याला सुटीची वेळ नाही आणि रविवारही नाही.

काही ठिकाणी शिक्षकांनी निषेध म्हणून प्रशासनाचे ग्रुपच सोडले. त्यांचा राग मला समजतो. पण माझ्यासारखीने एकटीने ग्रुप सोडला तर पावसाच्या सुट्टीचा निरोप कुठून येणार? म्हणून आम्ही दुसरा रस्ता धरला. दर महिन्याच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत, चहाच्या वेळी नाही, विषयपत्रिकेवर घेऊन, सगळ्यांसमोर बोललो. मी ती वही नेली होती. 164 आणि एक, हे दोन आकडे फळ्यावर लिहिले. तक्रार कुणाविरुद्ध केली नाही. केंद्रप्रमुख बराच वेळ फळ्याकडे बघत होते. मग म्हणाले, ‘बाई, माझ्या फोनवर किती येतात ते मोजा एकदा.’

तिथे जे ठरलं ते असं. निरोपाच्या ग्रुपवर फक्त अॅडमिन लिहू शकतील, अशी सेटिंग केली. त्यामुळे ‘ओके सर’ची रांग त्याच दिवशी थांबली. अभिनंदन, वाढदिवस, निवृत्तीचे फोटो यांना वेगळा ग्रुप, ज्याला हवं त्याने बघावं. मेसेजच्या पहिल्याच ओळीत काय हवं आणि कधीपर्यंत हवं ते लिहायचं, आणि ती मुदत मूळ पत्रातली लिहायची, केंद्राची वेगळी असेल तर तीही शेजारी. हा मुद्दा पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पण मूळ मुदत दिसली की आपल्याला खरंच घाई आहे की मधल्या कुणाला काळजी आहे, ते कळतं. संध्याकाळी साडेसहानंतर आलेल्या निरोपाचं उत्तर दुसऱ्या दिवशी शाळा भरल्यावर. आणि रात्रीच काही हवं असेल तर फोन करायचा.

फोन का, ते सांगते. मेसेज तीस जणांना फॉरवर्ड करायला काही लागत नाही. फोन करायला पाठवणाऱ्याला एकेकाशी बोलावं लागतं. रात्री साडेनऊला मुख्याध्यापकांना फोन लावून ‘गळक्या खोल्या किती?’ असं विचारायची वेळ आली, की माणूस आपणहून म्हणतो, जाऊ दे, सकाळी बघू. पावसाच्या सुट्टीसाठी मात्र तो फोन करतोच. एका माणसाने तीस फोन करू नयेत म्हणून साखळी केली: ते पाच जणांना, ते पाच जण पुढे पाच-पाच शाळांना.

दुसऱ्या बाजूने फोनही तसा लावून घ्यावा लागतो. व्हॉट्सअॅपचं म्यूट आठ तास, एक आठवडा किंवा कायमचं असतं, रोज अमुक ते अमुक वेळेत असं नसतं. शिवाय म्यूट केलेल्या ग्रुपवर कुणी नाव घेऊन मेन्शन केलं तर फोन वाजू शकतो. म्हणून वेळापत्रक लावायचं ते व्हॉट्सअॅपला नाही, फोनला. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘डू नॉट डिस्टर्ब’ला रोजची वेळ देता येते. माझी रात्री साडेआठ ते सकाळी सहा. त्यात निवडक माणसांचे कॉल चालू ठेवता येतात; मी आई, सासूबाई, केंद्रप्रमुख आणि गावातल्या पोलीस पाटलांना तारा लावून ठेवलाय. आणखी एक सोय असते, पुन्हा कॉल करणाऱ्याची: तोच नंबर पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा आला तर वाजतो. अनोळखी पालकाने घाबरून दोनदा लावला, तर मला कळतं. हे चालू आहे का, ते मात्र कुणाला तरी दोनदा फोन करायला लावून तपासा. कंपनीप्रमाणे नावं आणि जागा बदलतात.

आता घरचा ग्रुप. तिथे अॅडमिन काका आहेत, आणि काकांना शिक्षण परिषद नसते.

आमच्या माहेरच्या ग्रुपवर 46 माणसं. पहाटे सव्वापाचला सूर्योदय आणि सुविचार, मग दत्त, मग हळदीचे सोळा फायदे. मेलबर्नचा भाऊ तिथल्या सकाळी साडेसहाला फिरायला जाताना फोटो टाकतो, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे एक-दोन वाजलेले असतात. त्याचं काय चुकलं? त्याच्या घड्याळात सकाळ आहे. म्हणूनच ‘रात्री कुणी टाकू नका’ हा नियम घरात चालतच नाही. पाठवणाऱ्याची वेळ बांधता येत नाही, आपल्या फोनचीच बांधावी लागते.

पण खरा प्रश्न आवाजाचा नाहीच. मागच्या वर्षी आत्या बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं. आतेभावाने रात्री अकरा चाळीसला ग्रुपवर टाकलं: आईला दवाखान्यात आणलंय, पहाटे ऑपरेशन, रक्ताची सोय बघायचीय, कुणी जवळ आहे का. त्याच शहरात आमची तीन घरं आहेत. तिन्ही घरांनी तो मेसेज सकाळी वाचला, कारण तिन्ही घरांत हा ग्रुप कायमचा म्यूट होता. आणि तो म्यूट का होता, तर सूर्योदयामुळे. आतेभाऊ रात्रभर एकटा धावला. आत्या बरी आहे आता, वॉकर घेऊन चालते. पण त्याच्या मनात बसलंय, की 46 माणसांत एकानेही उत्तर दिलं नाही. ‘फोन का नाही केलास रे?’ असं काकूने विचारलं, तर म्हणाला, ‘सगळ्यांना एकदम कळावं म्हणून ग्रुपवर टाकलं ना!’

तो बरोबरच बोलत होता. ग्रुप त्यासाठीच केला होता, सहा वर्षांपूर्वी, आजोबांच्या आजारपणात.

काकांशी बोलायला मी दिवाळीला समोरासमोर बसले. ग्रुपवर असला विषय काढायचा नाही, तिथे शब्दाला सूर नसतो आणि चार माणसं उगाच मध्ये पडतात. मी सुप्रभात बंद करा म्हटलंच नाही. काका 74 वर्षांचे आहेत, काकू गेल्यापासून घरात एकटे असतात. पहाटेचा तो मेसेज म्हणजे ‘मी उठलोय, ठीक आहे’ अशी त्यांची हजेरी असते. एक दिवस आला नाही तर आम्हीच फोन करतो. तो बंद करायला लावणं मला क्रूर वाटलं असतं. मी एवढंच म्हटलं, ‘काका, आत्याच्या वेळेला जे झालं ते परत नको. एक वेगळा ग्रुप करूया, फक्त निरोपाचा.’

‘मग हा कशाला?’

‘हा गप्पांचा. तो घंटेचा. देवळात घंटा असते ना, ती कीर्तनात कुणी वाजवत नाही.’

ते हसले, आणि वर त्या ग्रुपचे अॅडमिन आपणच राहणार म्हणाले. राहा की! आता ‘घंटा’ नावाचा ग्रुप आहे. लिहिण्याची मुभा प्रत्येक घरातल्या एकालाच. आजारपण, अपघात, मृत्यू, कार्याची तारीख, एवढंच. दहा महिन्यांत नऊ मेसेज आले. एकदा काकांनी त्यावर संक्रांतीचा तिळगूळ टाकला, तेव्हा मेलबर्नवाल्याने त्यांना खासगीत फोन करून काढायला लावला. आणि रात्री काही झालं तर आधी जवळच्या दोन घरांना फोन, मग ग्रुप, हे घरातल्या पोरांनाही सांगून ठेवलंय, कारण रात्री झोपलेल्या माणसाला ‘घंटा’वरचा मेसेजसुद्धा उठवत नाही.

शाळेकडचं सगळं सुरळीत झालंय असं नाही. केंद्राचा ग्रुप शांत आहे, पण तालुक्याचा ग्रुप तसाच आहे, आणि वरून लिंक येते ती कधी कधी रात्री बाराला बंद होणारी असते. तिथे आमची साडेसहाची मर्यादा चालत नाही. मागच्या महिन्यात अशी लिंक दोनदा आली. दोन्ही वेळा केंद्रप्रमुखांनी मूळ पत्र शोधलं. एकात मुदत तीन दिवसांची निघाली, दुसऱ्यात खरोखरच त्याच रात्रीची. पहिल्याच्या वेळी त्यांनी वर फोन करून विचारलं, आणि लिंक दोन दिवस वाढवून मिळाली. दुसरी आम्ही भरली, रात्री सव्वादहाला, रेंजसाठी गच्चीवर उभं राहून.

पुढच्या परिषदेला विस्तार अधिकारी येणार आहेत. वही पुन्हा भरायला घेतलीय. या वेळी एक रकाना वाढवलाय: मूळ पत्राची तारीख आणि वेळ.